फळीवरचा माल कोणाचा?

2025 च्या फेब्रुवारी महिन्यातील एका रविवारी सकाळी पिरंगुटचे दोघे भाऊ माझ्या घरी आले. त्यांच्या वडिलांचा आणि माझा जुना परिचय. वडिलांचे पौडला किराणा दुकान होते. मुलांनी मुळशी तालुक्यातील पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यात भाड्याचा गाळा घेऊन खाकऱ्याचा कारखाना काढला. आज तेथे आठ प्रकारचे खाकरे बनतात आणि घरातील माणसे धरून वीस-बावीस जणांचे हात त्यावर चालतात. थोरल्याने पिशवीतून सव्वीस पानांचा इंग्रजी मसुदा काढून माझ्यापुढे ठेवला व म्हणाला, "काका, सही करण्यापूर्वी तुम्ही एकदा नजर घालावी. ते म्हणतात की यापुढे ऑर्डर त्यांनी द्यायची नाही, माल किती पाठवायचा हे आम्हीच ठरवायचे."

मसुदा एका सुपरमार्केट साखळीचा होता. कोथरूड, बावधन, वारजे, बाणेर, हिंजवडी अशा शहराच्या पश्चिम बाजूस तिची 12 दुकाने आहेत. तिने सुचविलेल्या पद्धतीस 'व्हेंडर मॅनेज्ड इन्व्हेंटरी', थोडक्यात व्हीएमआय, म्हणतात. पुरवठादाराने सांभाळलेला साठा, असे तिचे मराठीत वर्णन करता येईल. साखळीने रोजची विक्री आणि शिल्लक दुकानवार कळवावयाची. ती पाहून कोणत्या दुकानात कोणता माल केव्हा व किती पाठवावयाचा, हा निर्णय उत्पादकाने घ्यावयाचा. खरेदीची ऑर्डर हा प्रकारच उरत नाही. आपल्या अनेक कुटुंबांतील तरुण आता लहान उत्पादनाकडे वळले आहेत व असे मसुदे त्यांच्याही हाती पडू लागले आहेत. म्हणून या दोघा भावांचा व्यवहार त्यांच्या संमतीने येथे मांडतो. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.

ही पद्धत प्रसिद्धीस आली ती 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि वॉलमार्ट यांच्या व्यवहारामुळे. प्रॉक्टरच्या मंडळींना लहान मुलांच्या लंगोटांविषयी एक कोडे पडले होते. मूल रोज जवळजवळ सारखेच लंगोट वापरते; मग कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डरी एवढ्या वरखाली का होतात? उत्तर असे निघाले की दुकानदार थोडा जास्त मागवतो, घाऊकवाला त्याहून थोडा जास्त, आणि कारखान्यापर्यंत पोहोचताना लहानशा तरंगाची लाट झालेली असते. दुकानातील प्रत्यक्ष विक्रीच कारखान्याला दिसली तर ही लाट उठण्याचे कारण राहत नाही.

पिरंगुटच्या भावांचा अनुभव यापेक्षा निराळा नव्हता. त्यांचा जिरा खाकरा दर दुकानात दिवसाला सरासरी 6 पुडे जातो. म्हणजे 12 दुकानांत महिन्याला 2,160 पुडे. पण साखळीच्या खरेदी विभागाकडून येणारी ऑर्डर एका महिन्यात 3,000 पुड्यांची, तर पुढच्या महिन्यात 900 ची असे. तीन हजारांच्या महिन्यात रात्रपाळी व जादा मजुरी. नऊशेच्या महिन्यात भाजणाऱ्या बायकांना बसवून ठेवायचे. कोणती ऑर्डर येईल याचा भरवसा नसल्याने गाळ्यात 15 दिवसांचा तयार माल पडून असे. खाकऱ्याचे आयुष्य चार महिन्यांचे. त्यातील पंधरा दिवस आपल्याच गोदामात संपत. शिवाय मुळशीचा पाऊस! आषाढात तेथील हवेतला दमटपणा असा असतो की पुड्याचे सील जरा सैल राहिले तरी खाकरा मऊ पडतो.

नव्या पद्धतीत हिशेब असा बसतो. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी धाकटा भाऊ साखळीच्या पोर्टलवरून दुकानवार शिल्लक उतरवून घेतो. आज ठरविलेला माल दुकानाच्या फळीवर लागेपर्यंत दोन दिवस जातात. दोन पाहण्यांमध्ये जास्तीत जास्त चार दिवसांचे अंतर. म्हणजे दुकानात निदान सहा दिवस पुरेल एवढा माल हवा. जिऱ्याचे 36 पुडे. शनिवार-रविवारची गर्दी आणि चांदणी चौकात किंवा भूगावला अडकणारा टेम्पो यांसाठी आणखी 12. असे 48 पुडे हे त्या दुकानाचे लक्ष्य. एका खोक्यात 24 पुडे बसतात, तेव्हा दोन खोकी.

समजा, गुरुवारी बावधनच्या दुकानाची शिल्लक 17 निघाली आणि वाटेत काही नाही. लक्ष्याला 31 कमी. एक खोके पाठविले तर 41 होतात, दोन पाठविली तर 65. पुढे सुट्टीचे दोन दिवस असल्याने तो दोन पाठवितो आणि सोमवारी बहुधा त्या दुकानाला काहीच पाठवावे लागत नाही. यात गणित चौथीचे आहे. अवघड आहे ते लक्ष्य वेळोवेळी बदलणे, आणि तेथे स्थानिक माणसाचे ज्ञान कामास येते.

पर्युषणाचेच उदाहरण घ्या. त्या दिवसांत हिरवा भाजीपाला वर्ज्य करणाऱ्या घरांत खाकऱ्याला मागणी वाढते, पण मेथीचा खाकरा मात्र मागे पडतो आणि जिरा, साधा व मसाला पुढे जातो. साखळीचा संगणक मागील वर्षीच्या त्याच आठवड्याची विक्री पाहून अंदाज बांधतो. आपले पर्व मात्र तिथीप्रमाणे येते. 2023 साली अधिक श्रावण असल्याने संवत्सरी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेली होती. 2025 साली ती ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात आली आणि तिच्यामागोमाग दशलक्षण पर्व सुरू झाले. इंग्रजी तारखांवर चालणाऱ्या अंदाजाने माल पर्व उलटल्यावर पोहोचला असता. निर्णय आता भावांच्या हाती असल्यामुळे त्यांनी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातच जिऱ्याचे लक्ष्य 48 वरून 96 केले आणि मेथीचे निम्म्यावर आणले. एकाही दुकानात फळी रिकामी राहिली नाही. वर्षभराचा विचार केला तर गाळ्यातील तयार माल 15 दिवसांवरून 6 दिवसांवर आला आणि रात्रपाळी बंद झाली. पद्धतीचा लाभ खरा आहे. तो मी नाकारीत नाही.

फेब्रुवारीत मसुदा वाचताना माझे लक्ष मात्र दुसऱ्याच कलमाकडे गेले. नवव्या पानावर लिहिले होते की दुकानात पोहोचलेला माल ग्राहकाने विकत घेऊन गल्ल्यावर त्याचा बारकोड वाचला जाईपर्यंत पुरवठादाराच्याच मालकीचा राहील. महिनाअखेरीस साखळी विक्रीपत्रक देईल, त्यावरून पुरवठादाराने पुढील महिन्याच्या 5 तारखेपर्यंत बिल करावे आणि बिलापासून 30 दिवसांनी पैसे मिळतील.

थोरला भाऊ म्हणाला, "पूर्वी 45 दिवसांनी मिळायचे, आता 30 दिवसांनी. हे तर चांगलेच झाले!"

येथेच बहुतेकांची फसगत होते. साठा कोणी सांभाळावयाचा आणि साठ्याची मालकी कोणाची, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. साठ्याची जबाबदारी उत्पादकाने घेतली तरी माल दुकानात उतरताक्षणी साखळीचा होऊ शकतो, तोही व्हीएमआयच. पण मोठा खरेदीदार बहुधा दोन्ही गोष्टी एकाच कागदात बांधून आणतो. व्यापारी भाषेत सांगावयाचे तर पहिला प्रकार उधारीच्या विक्रीचा आहे आणि दुसरा 'जांगड' मालाचा. आपल्या बाजारपेठेत जांगड हा शब्द पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. सराफाला दागिना जांगडावर देताना जी काळजी आपले आजोबा घेत, ती खाकऱ्याचे खोके देताना नातू घेत नाही, कारण कागदावर नवे इंग्रजी नाव असते.

बँकेत कॅश क्रेडिट खाती हाताळताना अंगवळणी पडलेला हिशेब मी भावांना कागदावर मांडून दाखविला. साखळीच्या 12 दुकानांत सर्व प्रकार मिळून त्यांचे दिवसाला 360 पुडे विकले जातात. एका पुड्याचा कारखाना-भाव 50 रुपये. म्हणजे रोजची विक्री 18,000 रुपयांची.

जुन्या पद्धतीत गोदामातील माल 15 दिवसांचा, म्हणजे 2,70,000 रुपये. माल पोहोचताच बिल, पैसे 45 दिवसांनी. म्हणजे येणे 8,10,000 रुपये. एकूण गुंतवणूक 10,80,000. बँक या दोन्हींवर 25 टक्के मार्जिन राखून ड्रॉइंग पॉवर देत होती असे धरू. ती 8,10,000 रुपये. (तयार माल वस्तुतः उत्पादनखर्चाने मोजतात, येथे समजण्यास सोपे जावे म्हणून विक्रीभावच धरला आहे.)

आता नवी पद्धत. गोदामातील माल 6 दिवसांचा, म्हणजे 1,08,000. दुकानांतील फळ्यांवरचा माल सरासरी 8 दिवसांचा, 1,44,000. मग विकला गेला पण बिल झालेले नाही असा माल. एक तारखेला विकलेला पुडा पत्रकाची महिनाभर वाट पाहतो, तीस तारखेचा एक दिवस. सरासरी 15 दिवस, आणि बिलापर्यंतचे 5 धरून 20 दिवस. त्याचे 3,60,000 रुपये. शेवटी बिल झालेले 30 दिवसांचे येणे 5,40,000. सर्व मिळून 11,52,000 रुपये. गुंतवणूक केवळ 72,000 रुपयांनी वाढली. "एवढे तर सोसेल," धाकटा म्हणाला.

मी त्याला बँकेच्या मासिक स्टॉक स्टेटमेंटचा कोरा नमुना दिला आणि हे आकडे भरावयास सांगितले. गोदामाचा माल लिहिला, बिलांचे येणे लिहिले आणि तो थांबला. दुकानातील 1,44,000 चा माल बँकेला दाखविलेल्या गोदामात नाही. तो दुसऱ्याच्या जागेत 12 ठिकाणी विखुरलेला. शाखेचा अधिकारी तो तपासणार कसा? म्हणून बहुधा तो धरत नाही. आणि ते 3,60,000 रुपये? माल विकला गेला, म्हणून तो साठ्यात नाही. बिल झाले नाही, म्हणून येण्यातही नाही. त्या नमुन्यात त्यासाठी रकानाच नाही. राहिले 1,08,000 आणि 5,40,000. त्यांवर ड्रॉइंग पॉवर 4,86,000. म्हणजे गरज 72,000 ने वाढली आणि बँकेतून उचलावयाची रक्कम 3,24,000 ने घटली. जवळजवळ चार लाखांचा ताण, तोही कराराच्या पहिल्या तीन महिन्यांतच जाणवणारा. मजुरी, बेसन, तूप, पॅकिंगचा कागद यांची देणी मात्र ठरल्या दिवशी द्यावी लागणार. उत्तम चाललेले उद्योग अशा वेळी चेक परत जाऊन बदनाम होताना मी पाहिले आहेत. ताळेबंदात नफा असतो आणि खात्यात पैसा नसतो.

मुदतीचा कायदाही येथे पाहिला पाहिजे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. 2023-24 या आर्थिक वर्षापासून तर प्राप्तिकर कायद्याच्या 43बी(एच) या तरतुदीने असे मुदतीबाहेर थकलेले देणे प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून वजा मिळेनासे झाले. त्यामुळे मोठ्या खरेदीदारांनी 45 दिवसांची धास्ती घेतली आहे, हे आपण बाजारात पाहतोच. पण 45 दिवस मोजावयाचे कोठून? पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोहोचला तो दिवसच स्वीकृतीचा, असे अधिनियम सांगतो. जांगड करारात मात्र साखळी म्हणू शकते की गल्ल्यावर बारकोड वाचला जाईपर्यंत आम्ही माल विकत घेतलाच नव्हता, मग स्वीकृती कसली? 1930 च्या मालविक्री अधिनियमातही पसंतीवर वा परत करण्याच्या बोलीवर दिलेल्या मालाची मालकी ग्राहकाने पसंती दर्शविल्यावर, तो आपलासा केल्यावर अथवा ठरल्या मुदतीपलीकडे ठेवून घेतल्यावरच हस्तांतरित होते. माल फळीवर असण्याचे 8 दिवस, पत्रक व बिलाचे 20 आणि वरचे 30 मिळविले की प्रत्यक्षात 58 दिवस होतात. कागदावरचा 30 हा आकडा 45 पेक्षा लहान दिसतो, एवढेच.

जीएसटीचा प्रश्न या भावांपुरता सुटला, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून खाकऱ्यावर करच राहिला नाही. करपात्र माल जांगडावर देणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावे की माल चलनावर बाहेर पडल्यापासून सहा महिन्यांत विकला गेला नाही तरी त्याचे कर-बिल करावेच लागते.

मालकी आपल्याकडे राहण्यात एक संरक्षणही आहे, आणि ते समजण्यास 'बिग बझार'ची आठवण पुरेशी आहे. ती दुकाने चालविणारी फ्युचर रिटेल ही कंपनी जुलै 2022 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि जुलै 2024 मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश झाला. अशा वेळी मालाचे पैसे येणे असलेला पुरवठादार 'परिचालन धनको' ठरतो आणि वाटणीच्या रांगेत तारण असलेल्या बँका व कामगार यांच्या बराच मागे उभा राहतो. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत असेही आहे की कंपनीच्या ताब्यात असलेली परंतु करारानुसार दुसऱ्याच्या मालकीची वस्तू कंपनीच्या मालमत्तेत धरली जात नाही. म्हणजे जांगडाचा माल तत्त्वतः वाचतो. तत्त्वतः एवढ्यासाठी म्हटले की प्रक्रिया चालू असताना कंपनीच्या ताब्यातील वस्तू मालकालाही उचलून नेता येत नाही, आणि चार महिन्यांच्या आयुष्याचा खाकरा निकालाची वाट पाहत बसत नाही. जो माल विकला गेला त्याचे पैसे तर साधे येणेच. शिवाय माल आपलाच आहे हे दाखवायचे कशाने? साखळीच्या बँकेने तिच्या दुकानातील सर्व साठा नजरगहाण घेतलेला असतो. चलनावर 'मालकी पुरवठादाराची' असा स्पष्ट शेरा, दुकानाच्या माणसाची सही, दरमहा संयुक्त मोजणीचा कागद आणि साखळीच्या बँकेला एक लेखी सूचना, एवढे असेल तर बोलावयास जागा राहते.

मालकीबरोबर येते ती चोरी आणि घट. बाणेरच्या दुकानात मे महिन्यात पोर्टलवर जिऱ्याची शिल्लक 31 दिसत होती. पुरेशी वाटून धाकट्याने काही पाठविले नाही. चार दिवस शिल्लक 31 वरच राहिली. रोज सहा पुडे जाणाऱ्या दुकानात चार दिवस एकही विक्री नाही, हे अशक्यच. तो स्वतः गेला तेव्हा फळी रिकामी होती. एक न फोडलेले खोके मागील खोलीत साबणाच्या खोक्यांखाली सापडले. उरलेल्या 7 पुड्यांचा पत्ताच नव्हता. संगणकाचा साठा कागदोपत्री असतो, आणि या पद्धतीत उत्पादक त्या कागदावर विसंबून माल पाठवीत असल्याने चूक आपोआप सुधारत नाही. पूर्वी निदान दुकानातला मुलगा रिकामी फळी पाहून फोन करी. आता तो म्हणतो, साठा तुमचा, तुम्ही पाहा.

दुसरी खूण म्हणजे एका प्रकाराची शिल्लक उणे दिसणे. वारजेच्या दुकानात मसाला उणे 9 आणि मेथी नेहमीपेक्षा तितकीच जास्त दिसली. गल्ल्यावरचा मुलगा घाईत चार वेगळे पुडे एकाच पुड्याचा बारकोड चार वेळा वाचून घेत होता. भाव सारखा, म्हणून ग्राहकाची तक्रार नाही. पण पुढच्या खेपेस मेथी जाईनाशी होते आणि मसाला फाजील जातो. भावांनी आता नियम केला आहे की शिल्लक असून दोन दिवस विक्री शून्य दिसली तर फोन करायचा आणि तिसऱ्या दिवशी माणूस पाठवायचा. उणे शिल्लक दिसली तर त्याच दिवशी. त्यासाठी एका मुलाला दुचाकी व पगार द्यावा लागतो. साखळीचा खरेदी कारकून जे काम करीत होता ते या पद्धतीत उत्पादकाच्या खर्चात आले आहे, हे भाव ठरविताना विसरू नये.

विम्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. आगीची व चोरीची पॉलिसी पत्त्यावर असते. पिरंगुटच्या गाळ्याची पॉलिसी बाणेरच्या फळीवरील मालाला लागू नाही. त्यासाठी सर्व ठिकाणांची यादी देऊन फ्लोटर पॉलिसी घ्यावी लागते.

एक धोका मसुद्यात कोठेच लिहिलेला नव्हता. पहिल्या सहा महिन्यांत साखळीची विक्री वाढली आणि तिचा वाटा एकूण धंद्याच्या निम्म्यावर गेला. तिच्या दुकानात माल कमी पडला तर दंडाचे कलम होते; किराणा दुकानदारांशी तसे कलम नव्हते. तेव्हा जिरा कमी पडला की कात्री कोणाकडे लागणार? पौड आणि घोटावडे फाट्यावरचे जुने दुकानदार, ज्यांनी पहिल्या दिवसापासून आठ दिवसांत रोख पैसे दिले, त्यांना 'उद्या देतो' असे उत्तर मिळू लागले. मला हे थोरल्याकडून नव्हे, त्या दुकानदारांपैकी एकाकडून कळले. मी थोरल्याला सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून त्याने रोजच्या उत्पादनातील 100 पुडे किराणा दुकानांसाठी बाजूला काढण्यास सुरुवात केली.

फेब्रुवारीतील त्या रविवारी आम्ही दुपारपर्यंत बसलो. मसुदा परत करताना चार मागण्या लिहून पाठविल्या. पहिली, माल दुकानात पोहोचून तेथील माणसाने सही करताच मालकी साखळीची व्हावी आणि 45 दिवस तेथून मोजावेत. ही साफ नाकारली गेली. त्यावर दुसरी, की मालकी आमचीच राहावयाची तर विक्रीपत्रक महिन्याऐवजी दर रविवारी मिळावे व बिल तीन दिवसांत व्हावे. तिला त्यांचे लेखापाल तयार झाले, कारण संगणकाला आठवड्याचे पत्रक काढणे जड नव्हते. बिलाविना अडकलेले 20 दिवस सुमारे 6 वर आले. 3,60,000 च्या जागी 1,08,000 रुपये. शाखा व्यवस्थापकाला भेटून दुकानांतील मालाची मासिक मोजणीची प्रत व फ्लोटर पॉलिसी दाखविली तेव्हा त्यांनी त्या मालाचा निम्मा भाग ड्रॉइंग पॉवरमध्ये धरण्याचे मान्य केले. ही त्यांची मर्जी होती. प्रत्येक बँक ते करील असे नाही.

तिसरी मागणी दर महिन्याच्या संयुक्त मोजणीची होती, ती मिळाली. चौथी घटीची. दुकानाच्या आत नाहीसा झालेला माल दुकानाच्या पहाऱ्यात नाहीसा झाला, तेव्हा तो विकला गेला असे धरून पैसे द्यावेत असे आम्ही म्हटले. साखळी म्हणाली, मालक तुम्ही, घट तुमची. तीन वेळा पत्रव्यवहार झाल्यावर असे ठरले की महिन्याच्या विक्रीच्या एक टक्क्यापर्यंतची घट भावांनी सोसावी आणि त्यावरची साखळीने. एक टक्का म्हणजे महिन्याला 108 पुडे, 5,400 रुपये. 1 एप्रिलपासून करार सुरू झाला. पहिल्या तीन मोजण्यांत घट अनुक्रमे 140, 121 आणि 96 पुडे निघाली. पहिल्या दोन महिन्यांचे वरचे 45 पुडे, म्हणजे 2,250 रुपये, साखळीने मान्य केले आहेत. पैसे अद्याप आलेले नाहीत. बाणेरच्या दुकानात पुढची मोजणी येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आहे आणि धाकट्याने मलाही बोलावले आहे.